जुन्या दागिन्याचे मोल

सोन्याचा नवा दागिना घेताना ग्राहक तीन गोष्टींचे पैसे मोजतो: सोन्याचे, घडणावळीचे आणि सरकारी कराचे. तोच दागिना पुढे कधीतरी सराफाकडे विकावयास नेला म्हणजे यांपैकी केवळ पहिल्या गोष्टीचे मोल परत मिळते. घडणावळ ही कारागिराच्या श्रमाची किंमत असते, आणि दागिना मोडीत निघाला की ते श्रमही त्याबरोबर मोडीत निघतात. नाजूक कलाकुसर असलेला एखादा जुना नग जसाच्या तसा घेणारा रसिक भेटला तर गोष्ट वेगळी. परंतु पेढीवर येणारे बहुतेक जुने दागिने मुशीतच जातात. तेव्हा विकणाऱ्याने पहिल्याप्रथम हे मनाशी पक्के करावे की, आपण दागिना विकीत नसून त्याच्यात दडलेले चोख सोने विकीत आहोत.

हे चोख सोने किती, हाच या व्यवहारातील खरा प्रश्न होय. दवाखान्याचा खर्च, मुलांचे शिक्षण, घराचा हप्ता अशा एखाद्या निकडीच्या वेळी दागिना विकला जातो आणि विकणारा घाईत असतो. अशा वेळी त्याचे लक्ष सराफाने सांगितलेल्या भावावर खिळलेले असते. वस्तुतः भाव ही व्यवहारातील सर्वांत उघड बाब आहे. तो रोज जाहीर होतो व दोन पेढ्यांच्या भावात फारसे अंतर नसते. अंतर पडते ते वजन, कस आणि घट या तीन आकड्यांत, आणि ते आकडे ग्राहकाच्या नजरेआड ठरतात.

कस म्हणजे काय?

सोने मुळात मऊ असल्यामुळे त्यात तांबे, चांदी, जस्त यांसारख्या धातूंचे हीण मिसळून दागिने घडवितात. मिश्रणाचे चोवीस भाग कल्पून त्यांतील शुद्ध सोन्याचे भाग सांगणे ही कॅरेटची पद्धत. २२ कॅरेटच्या दागिन्यात चोवीस भागांपैकी बावीस भाग सोने असते, म्हणजेच हजारी सुमारे ९१६ भाग. १८ कॅरेटमध्ये हेच प्रमाण हजारी ७५० असते. हिशेबासाठी हजारी पद्धत अधिक सोयीची. दागिन्याच्या निव्वळ वजनाला हजारी कसाने गुणून हजाराने भागले की त्यातील चोख सोन्याचे वजन निघते. पुढील सर्व विवेचन या एका गुणाकारावर आधारलेले आहे.

वजनाबाबत एक जुना घोटाळा येथेच दूर केलेला बरा. घरातील वडीलधारी माणसे तोळ्यांत बोलतात. जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा होता. आज मात्र पुष्कळ पेढ्यांवर दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. आजीच्या तोंडचे पाच तोळे म्हणजे ५८ ग्रॅमांहून थोडे अधिक, तर दुकानातील पाच तोळे म्हणजे ५० ग्रॅम असू शकतात. म्हणून सारा हिशेब ग्रॅममध्येच करावा.

दागिन्यावर छाप असेल तर कसाचा प्रश्न काहीसा सोपा होतो. भारतीय मानक संस्थेची सोन्यासाठीची प्रमाणचिन्हांकन योजना, म्हणजे हॉलमार्क, २००० साली सुरू झाली. जून २०२१ पासून ती टप्प्याटप्प्याने सराफांवर बंधनकारक करण्यात आली, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरांकांची स्वतंत्र ओळखखूण असलेले हॉलमार्कचे दागिनेच सराफाने विकावेत असा नियम झाला. ही ओळखखूण संस्थेच्या ‘बी.आय.एस. केअर’ या मोबाइलवरील सुविधेत भरली असता दागिन्याचा प्रकार, त्याचा कस व तो तपासणारे केंद्र कळते. हे बंधन सराफाने करावयाच्या विक्रीवर आहे. घरातील छाप नसलेला जुना दागिना विकण्यास गृहस्थाला मनाई नाही, व सराफालाही तो विकत घेता येतो.

याउलट जुन्या दागिन्यांवरील ‘२२ कॅ.’ किंवा ‘के.डी.एम.’ अशी अक्षरे ही घडविणाऱ्याची ग्वाही असते. ती तपासणीची साक्ष नव्हे. के.डी.एम. या अक्षरांचा संबंध तर दागिना सांधण्यासाठी वापरलेल्या कॅडमियमयुक्त डाखाशी आहे. त्याचप्रमाणे दागिना कोणत्या काळातला आहे हेही ध्यानात घ्यावे लागते. १९६३ च्या सुवर्णनियंत्रण नियमांनी नवे दागिने १४ कॅरेटपेक्षा अधिक कसाचे घडविण्यास बंदी केली होती व ती १९६६ मध्ये उठविण्यात आली. त्या तीन-चार वर्षांत लग्न झालेल्या घरांतून कमी कसाचे दागिने निघाले तर त्यात नवल नाही.

कस पाहण्याच्या तीन रीती

पहिली रीत कसोटीच्या दगडाची. काळ्या, बारीक पोताच्या दगडावर दागिना घासून एक रेघ उमटवितात. तिच्या शेजारी ठाऊक कसाच्या सुईची रेघ ओढतात व दोन्ही रेघांवर आम्लाचे मिश्रण लावतात. हीण विरघळते, सोने राहते. कोणती रेघ किती फिकी पडली यावरून कसाचा अंदाज येतो. ही रीत फार प्राचीन आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुवर्णाध्यक्षाच्या प्रकरणात निकषावर सोने घासून पाहण्याचे वर्णन आहे, आणि खोट्या तराजूपासून सोने काढून घेण्यापर्यंत सोनारांच्या लबाड्यांची यादीही पुढच्याच प्रकरणात आहे. सरावलेल्या नजरेला या रीतीने झटकन अंदाज येतो. परंतु तो अंदाजच. हजारी दहा-वीस भागांची चूक सहज होऊ शकते. ९०० आणि ९१६ या दोन कसांच्या रेघा डोळ्यांना जवळजवळ सारख्याच दिसतात. शिवाय रेघ जेथून ओढली तेथला कस कळतो. सांध्यावर घासले तर डाखाचा कस दिसतो, पत्र्यावर घासले तर पत्र्याचा.

दुसरी रीत क्ष-किरण यंत्राची. मोठ्या पेढ्यांवर आता हे यंत्र सर्रास दिसते. दागिन्यावर क्ष-किरण पडले की त्यातील प्रत्येक धातू आपापल्या विशिष्ट ऊर्जेचे किरण बाहेर टाकतो. ते मोजून यंत्र मिनिटा-दीड मिनिटात प्रत्येक धातूचे शेकडा प्रमाण पडद्यावर दाखविते. दागिन्याला ओरखडादेखील उमटत नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र त्याची दृष्टी वरवरची आहे. केसाच्या जाडीहून पुष्कळच पातळ असा वरचा थर तेवढा त्याला दिसतो. दागिना घडवून झाल्यावर सोनार तो आम्लात उजळतो, तेव्हा पृष्ठभागावरील तांबे विरघळून वरचा थर आतल्यापेक्षा अधिक चोख होतो. अशा दागिन्यावर यंत्र खऱ्यापेक्षा जास्त कस दाखविते आणि पुढे आटणीनंतर कमी आकडा आला की विकणाऱ्याला आपली फसवणूक झाली असे वाटते. सांध्याजवळ ठेवले तर तेच यंत्र उलट कमी कस दाखविते. म्हणून अखंड दागिन्यावर तीन-चार ठिकाणी नोंदी घ्याव्यात, आणि त्या सर्व विकणाऱ्याने स्वतः पडद्यावर वाचाव्यात. आटवून एकजीव झालेल्या लगडीवर याच यंत्राची नोंद बरीच भरवशाची असते.

तिसरी रीत अग्निपरीक्षेची, आणि अंतिम निवाडा तिचाच. सुमारे पाव ग्रॅमचा नमुना अचूक तोलून त्यात ठरावीक चांदी घालतात व तो शिशाच्या पत्र्यात गुंडाळून हाडांच्या राखेच्या किंवा मॅग्नेशियाच्या सच्छिद्र वाटीत भट्टीत ठेवतात. तांबे, जस्त इत्यादी हिणकस धातू शिशाबरोबर वाटीत शोषले जातात आणि मागे सोन्या-चांदीचा मणी उरतो. तो ठोकून पातळ करतात व नत्राम्लात उकळतात. चांदी विरघळून जाते आणि निखळ सोने शिल्लक राहते. त्याच्या वजनाला मूळ नमुन्याच्या वजनाने भागले की कस मिळतो. या रीतीत हजारी एखाद्या भागाहून अधिक चूक होत नाही. परंतु तिला काही तास लागतात व नमुना खर्ची पडतो. भारतीय मानक संस्थेने मान्यता दिलेल्या तपासणी केंद्रांत सामान्य ग्राहकालाही आपले दागिने तपासून घेता येतात. २०२३ साली जाहीर झालेल्या दरांनुसार चार नगांपर्यंत मिळून २०० रुपये, तर पाच वा अधिक नगांसाठी प्रत्येकी ४५ रुपये शुल्क होते. लाखभर रुपयांच्या व्यवहारापुढे हा खर्च नगण्य आहे. सराफाकडे जाण्यापूर्वीच असा अहवाल हाती असला की पुढील बोलणे वेगळ्या पायावर होते.

आटणी आणि घट

बहुतेक वाद होतात ते घटीवरून. दागिना तोलला तेव्हा अमुक वजन होते, मुशीतून निघाला तेव्हा ते कमी भरले; मग मधले सोने गेले कोठे, अशी शंका विकणाऱ्याला येणे स्वाभाविक आहे.

आटणीत काय काय जाते ते पाहिले म्हणजे शंकेचे निरसन होते. दागिन्याच्या खाचांत वर्षानुवर्षांचा मळ, साबण व तेल साचलेले असते. ते जळून जाते. पोकळ मण्यांत आणि पाटल्यांत लाख भरलेली असते, तीही जळते. डाखातील जस्त आणि कॅडमियम हे धातू सोने वितळण्यापूर्वीच वाफेच्या रूपाने निघून जाऊ लागतात. तांब्याचा काही अंश हवेतील प्राणवायूशी संयोग पावून टाकणखारात मिसळतो. सोने मात्र जात नाही. शुद्ध सोने १,०६४ अंश सेल्सिअसला वितळते. त्याला उकळी फुटण्यास २,८०० अंशांहून अधिक उष्णता लागते आणि सोनाराची भट्टी तेथवर कधीच पोहोचत नाही. प्राणवायूचाही त्यावर परिणाम होत नाही. मुशीच्या बाजूंना चिकटून राहिलेले बारीक थेंब हाच काय तो सोन्याचा खराखुरा नाश, आणि काळजीपूर्वक काम केले तर तो फार अल्प असतो.

यातून एक महत्त्वाचा नियम निघतो. आटणीत जाते ते हीण, राहते ते सोने. म्हणून वजन घटते त्या प्रमाणात उरलेल्या धातूचा कस चढतो. समजा, हजारी ९०० कसाचे १०० ग्रॅम सोने मुशीत घातले. त्यात चोख सोने ९० ग्रॅम. आटणीत १ ग्रॅम हीण गेले व ९९ ग्रॅमची लगड निघाली, तर तिचा कस हजारी ९०९ झाला. ९९ ग्रॅमला ९०९ ने गुणून हजाराने भागले तर उत्तर पुन्हा ९० च येते. वजन बदलले, कस बदलला. चोख सोने होते तेवढेच राहिले.

म्हणून हिशेबाच्या दोनच न्याय्य पद्धती संभवतात. एक, आटणीपूर्वीचे वजन घ्यावे व त्याला आटणीपूर्वीच्या सरासरी उताऱ्याने गुणावे. दुसरी, आटणीनंतरचे वजन घ्यावे व त्याला लगडीच्या कसाने गुणावे. एका पद्धतीतले वजन आणि दुसरीतला कस यांची सांगड घातली की एकच हीण दोनदा वजा होते. अनेकदा हे लबाडीने नव्हे, तर पेढीच्या जुन्या वहिवाटीने घडते. परंतु विकणाऱ्याचे नुकसान दोन्हींत सारखेच होते.

घट किती असावी, हे दागिन्याच्या घडणीवरून ओळखता येते. एकसंध, भरीव बांगडी स्वच्छ धुऊन आटविली तर घट अगदीच किरकोळ निघते. शेकडो सांधे असलेल्या बारीक साखळीत ती अधिक असते. लाख भरलेल्या पोकळ दागिन्यात ती शेकडा कितीही असू शकते, कारण तेथे ती घट नसून लाखेचे वजन असते. भरीव बांगडीवर कोणी सरसकट पाच टक्के घट सांगू लागला तर त्याचे कारण विचारलेच पाहिजे.

एका हाराचे उदाहरण

या सर्व गोष्टी प्रत्यक्षात कशा घडतात हे एका उदाहरणाने पाहू. एका निवृत्त शिक्षिकेला आपल्या सासूबाईंचा जुना हार विकावयाचा आहे. हारात सोन्याचे पोकळ लाखभरले मणी, मधे पोवळी, रेशमी दोरा आणि खाली एक पदक आहे. हिशेबाच्या सोयीसाठी शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू.

हाराचे एकूण वजन ४८.६०० ग्रॅम भरले. पोवळी व दोरा काढल्यावर ते ४५.००० ग्रॅम राहिले. पोवळ्यांचे मोल सराफ देणार नाही. म्हणून ती आधीच उतरवून शिक्षिकेने स्वतःजवळ ठेवली, हे योग्यच झाले. क्ष-किरण यंत्राने पदकावर हजारी ९१६ व एका सांध्याजवळ ८२० असा कस दाखविला. यावरून एवढेच समजले की, पत्रा २२ कॅरेटचा असून डाख हलक्या कसाचा आहे.

पहिल्या पेढीवरील सराफ म्हणाले, “बाई, भाव आम्ही पुरता देतो, ग्रॅमला दहा हजार. पण लाखेची घट पाच टक्के धरावी लागेल, आणि असल्या हारात चोख सोने शेकडा साडेचौऱ्याऐंशीच उतरते.” ४५ ग्रॅममधून पाच टक्के गेले, राहिले ४२.७५० ग्रॅम, त्याचे शेकडा ८४.५ म्हणजे ३६.१२४ ग्रॅम चोख. रक्कम झाली सुमारे ३,६१,२४० रुपये.

दुसऱ्या पेढीने भाव कमी सांगितला, ग्रॅमला ९,८००. वर आटणीचे ५०० रुपये. मात्र आटणी डोळ्यांदेखत करण्याचे आणि लगड न विकता परत नेण्याचे स्वातंत्र्य देण्याचे त्यांनी कबूल केले. आटविल्यावर लगड ४२.७५० ग्रॅमची निघाली. घट २.२५० ग्रॅम, म्हणजे नेमकी पाच टक्के. पहिल्या सराफांचा घटीचा अंदाज अगदी बरोबर होता. लगडीचा कस हजारी ८९० आला. चोख सोने झाले ३८.०४८ ग्रॅम. त्याचे ९,८०० रुपयांनी ३,७२,८६५ रुपये होतात. आटणीचा खर्च वजा जाता ३,७२,३६५ रुपये हाती येतात.

भाव ग्रॅममागे दोनशे रुपयांनी कमी असूनही दुसऱ्या पेढीवर अकरा हजारांहून अधिक रक्कम मिळाली. असे का झाले? ३८.०४८ ग्रॅम चोख सोन्याला मूळच्या ४५ ग्रॅमने भागले तर उत्तर शेकडा ८४.५५ येते. म्हणजे पहिल्या सराफांनी सांगितलेला उताराही खोटा नव्हता! अशा हारात खरोखरच शेकडा साडेचौऱ्याऐंशी चोख उतरते. परंतु ते लाखेसह असलेल्या ४५ ग्रॅमवर. त्या उताऱ्यात लाख एकदा वजा झालेलीच होती. घटीच्या नावाखाली ती दुसऱ्यांदा वजा करून मगच तो उतारा लावला गेला. दोन्ही आकडे सुटे सुटे खरे असूनही त्यांचा गुणाकार खोटा ठरला. अशा वेळी “हा उतारा घटीच्या आधीचा की नंतरचा?” एवढा एकच प्रश्न विचारला असता तरी फरक उघड झाला असता.

निरनिराळ्या देकारांची तुलना

दोन देकारांची तुलना करण्याचा सरळ मार्ग म्हणजे दोन्हींना एकाच मापात आणणे. हाती येणाऱ्या निव्वळ रकमेला चोख सोन्याच्या खऱ्या वजनाने भागावे. वरील उदाहरणात पहिल्या पेढीने चोख ग्रॅममागे सुमारे ९,४९४ रुपये दिले असते; दुसरीने दिले ९,७८७. म्हणजे जाहीर भावाच्या एकीने शेकडा ९४.९ आणि दुसरीने शेकडा ९७.९. वजन, कस, घट, आटणीचा आकार या सर्वांचा गुंता या एका आकड्यात सुटतो.

दुसऱ्या पेढीने जे दोन टक्के कमी दिले ते अन्यायाचे म्हणता येणार नाहीत. लगडीतून शुद्ध सोने वेगळे काढण्यास खर्च येतो, मध्यंतरी भाव उतरण्याची जोखीम असते, भांडवल अडकते. हा मोबदला उघडपणे भावातून घेतलेला बरा. कारण तो दिसतो, मोजता येतो आणि त्यावर घासाघीस करता येते. ‘पूर्ण भाव, काहीही कपात नाही’ अशी पाटी असेल तेथे मोबदला अन्य कोणत्या आकड्यात आहे ते शोधावे.

भावाबाबत आणखी एका सापळ्यापासून सावध राहावे लागते. फळ्यावर बहुधा शुद्ध सोन्याचा आणि २२ कॅरेटचा असे दोन भाव लिहिलेले असतात. शुद्ध सोने १०,००० असेल तर २२ कॅरेटचा भाव साधारण ९,१६७ येतो, कारण त्यात हीण आधीच वजा केलेले असते. आता कोणी चोख वजन काढून त्याला २२ कॅरेटचा भाव लावला, तर कस पुन्हा दोनदा कापला गेला. वरच्या हारात असे घडले असते तर नुकसान सुमारे ३१,७०० रुपयांचे झाले असते. चोख वजनाला शुद्धाचाच भाव लावावयाचा, हा नियम कधीही मोडू नये. फळ्यावरच्या भावात वस्तू व सेवा कर धरला आहे काय, हेही विचारावे. तो कर गिऱ्हाइकाला विकताना लागतो. आपला जुना दागिना विकणाऱ्या गृहस्थाला तो द्यावा लागत नाही, तसेच करासह असलेला भाव त्याला मिळतही नाही.

तिसऱ्या प्रकारचा देकार अदलाबदलीचा असतो. एका तिसऱ्या पेढीने याच शिक्षिकेला सांगितले की, येथूनच नवा दागिना घेतल्यास जुन्याला पूर्ण दहा हजारांचा भाव देऊ. ३८.०४८ ग्रॅमचे ३,८०,४७५ रुपये होतात, म्हणजे दुसऱ्या पेढीपेक्षा ८,११० रुपये जास्त. परंतु या पेढीची घडणावळ शेकडा १४ होती, तर तशाच दागिन्याची अन्यत्र शेकडा ९. तेवढ्याच सोन्याचा नवा दागिना घेतला तर पाच टक्क्यांच्या फरकाने सुमारे १९,००० रुपये अधिक मोजावे लागले असते. डाव्या हाताने दिलेले उजव्या हाताने घेण्याचाच हा प्रकार. ज्याला नवा दागिना घ्यावयाचा आहे त्याने जुन्याची किंमत आणि नव्याची घडणावळ या दोन्ही बाबी स्वतंत्र कागदांवर मांडाव्यात; ज्याला रोकड हवी आहे त्याने अदलाबदलीचा भाव ऐकूनही घेऊ नये.

मुशीसमोर उभे राहताना

आटविलेला दागिना पुन्हा दागिना होत नाही. म्हणून मुशीत घालण्यापूर्वी भाव, कस पाहण्याची रीत, आटणीचा आकार आणि सौदा न पटल्यास लगड परत मिळण्याची अट एका चिठ्ठीवर लिहून घ्यावी. ही शेवटची अट सर्वांत मोलाची. जो सराफ ती नाकारतो त्याच्याकडे दागिना आटवू नये. कारण एकदा आटल्यावर विकणारा अडतो आणि अडलेल्याला भाव विचारता येत नाही.

तराजूवर वैधमापन विभागाची चालू मुदतीची मुद्रा आहे का, रिकामे पारडे शून्य दाखविते का आणि पंखा बंद आहे का, एवढे पाहून घ्यावे. दागिन्यातील पोलादी कमानी, फिरकीचे तुकडे, खडे व दोरा वजनाआधीच काढावेत. मूस भट्टीत जाण्यापूर्वी आत डोकावून पाहावी. द्रव सोने ढवळल्याशिवाय ओतू देऊ नये. न ढवळलेल्या लगडीत एका टोकाचा कस दुसऱ्या टोकाशी जुळत नाही. ओतल्यावर मुशीच्या तळाशी थेंब राहिले आहेत का, आणि काचेसारख्या झालेल्या टाकणखारात पिवळे कण अडकले आहेत का, ते पाहावे. असे कण खलून काढता येतात व ते विकणाऱ्याचेच असतात. लगड पूर्ण निवल्यावर व तिच्यावरचा टाकणखार झडल्यावरच तोलावी. तप्त वस्तूभोवतीची हवा वर चढत असल्याने तिचे वजन किंचित कमी दिसते. कस पाहण्यासाठी लगडीच्या दोन्ही बाजूंचे नमुने घ्यावेत, आणि नमुन्याचा कापलेला तुकडा वजनात धरला गेला आहे याची खात्री करावी.

पैसे शक्य तो बँकेमार्फत घ्यावेत. एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास २०१७ पासून कायद्याने मनाई आहे व ती स्वीकारणाऱ्यावर, म्हणजे येथे विकणाऱ्यावर, लागू होते. पावतीवर एकूण वजन, निव्वळ वजन, लगडीचे वजन, कस आणि भाव हे पाचही आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत. नुसती एकूण रक्कम लिहिलेल्या पावतीवरून नंतर काहीच तपासता येत नाही.

अर्थात हे सारे करूनही दागिन्याचे संपूर्ण मोल हाती येईल असे नाही. काही टक्के सराफाचे असतात आणि घडणावळ तर कधीच गेलेली असते. छोट्या गावात एकच पेढी असेल तर तुलनेलाही वाव राहत नाही. तेथे जवळच्या शहरातील तपासणी केंद्राचा अहवाल हाच मुख्य आधार. दोन-चार ग्रॅमच्या कुडीसाठी एवढा खटाटोप परवडणार नाही, हेही खरे. तेथे यंत्राची नोंद व दोन पेढ्यांवरील चौकशी पुरेशी आहे. परंतु घरातील मोठा नग विकावयाचा असेल तेव्हा पेढीवर एक अधिक फेरी मारून आणि कागदावर एक गुणाकार व एक भागाकार करून जे वाचते, ते पुष्कळदा एखाद्या कुटुंबाच्या महिन्याच्या खर्चाइतके असते.